एकाच सत्रात दोन पेपर : तारीख बदलून मिळण्याबाबत

दि. 27 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ
(मार्फत : प्राचार्य)

विषय : बी.कॉम. सेमिस्टर 5 (नियमित) व सेमिस्टर 3 (एटीकेटी) यांचे पेपर एकाच वेळी आल्याबाबत तक्रार

महोदय,

मी तृतीय वर्ष बी.कॉम.ची विद्यार्थिनी आहे. सेमिस्टर 3 मधील बिझनेस लॉ हा माझा एक विषय राहिला असून त्याचा परीक्षा अर्ज मी मुदतीत, शुल्कासह भरला आहे.

मूळ वेळापत्रकात काहीच अडचण नव्हती. कॉस्ट अकाउंटिंग (सेमिस्टर 5) मंगळवार, 2 डिसेंबरला आणि बिझनेस लॉ शुक्रवार, 5 डिसेंबरला होता. 2 डिसेंबरला नगरपरिषदांचे मतदान असल्यामुळे त्या दिवशीचे पेपर पुढे ढकलले, ते योग्यच झाले. पण सुधारित वेळापत्रकात कॉस्ट अकाउंटिंग 5 डिसेंबरला सकाळच्या सत्रात, 10.30 ते 1.00 या वेळेत टाकला आहे. बिझनेस लॉ त्याच दिवशी, त्याच वेळेत आधीपासून आहेच.

दोन्ही सेमिस्टरची प्रवेशपत्रे वेगवेगळी निघतात, त्यामुळे कुठलेही एक पाहून ही गोष्ट लक्षात येत नाही. दोन्ही शेजारी ठेवली की दिसते. परीक्षा अर्जातील विषय पीआरएननुसार तपासले असते, तर वेळापत्रक जाहीर होण्याआधीच हे कळले असते. माझ्यासारखे एटीकेटीचे इतर विद्यार्थीही यात अडकले असणार.

मदतकक्षाला ईमेल केल्यावर “सुधारित वेळापत्रक अंतिम आहे” एवढेच उत्तर आले. महाविद्यालयाच्या कार्यालयात “एक पेपर उन्हाळी परीक्षेत द्या” असा सल्ला मिळाला. बिझनेस लॉ सोडला, तर सेमिस्टर 6 सोबत तो पुन्हा द्यावा लागेल आणि त्यात काही कमी-जास्त झाले तर पदवी अडकेल. कॉस्ट अकाउंटिंग सोडला, तर नियमित विषयातच गैरहजेरी लागेल. दोन्हींचे शुल्क घेतल्यावर यातला एक निवडण्याची वेळ माझ्यावर का यावी?

माझी विनंती आहे की कॉस्ट अकाउंटिंग आहे तिथेच राहू द्यावा, कारण त्याला पूर्ण वर्ग बसतो. बिझनेस लॉ मंगळवार, 9 डिसेंबरला सकाळच्या सत्रात घ्यावा; त्या दिवशी दोन्ही सेमिस्टरचा एकही पेपर नाही. वेगळा दिवस देणे शक्य नसेल, तर 5 डिसेंबरलाच दुपारच्या सत्रात, 2.30 ते 5.00, घेतला तरी चालेल. मात्र सकाळचा पेपर सुटल्यावर तीच प्रश्नपत्रिका दुपारी देता येणार नाही, दुसरा प्रश्नसंच वापरावा लागेल. केंद्रही तेच ठेवावे, नाहीतर मधल्या दीड तासात दुसऱ्या केंद्रावर पोहोचणे अवघड आहे.

5 तारखेआधी नवे प्रवेशपत्र निघायला हवे, म्हणून सोमवार, 1 डिसेंबरपर्यंत लेखी उत्तर द्यावे.

आपली विश्वासू,
(सही)
तृतीय वर्ष बी.कॉम.

सोबत : दोन्ही प्रवेशपत्रे, मूळ व सुधारित वेळापत्रक, शुल्काच्या पावत्या, मदतकक्षाचे उत्तर