मोजला तो बसचा वेग की बसची उंची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या भांडुपमध्ये सध्या एक अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर फिरतो आहे. रस्त्याकडेच्या खांबावर कॅमेरा लावून, त्याच्या व्हिडिओवरून गाड्या मोजल्या आणि त्यांचा वेगही काढला, असे त्यात म्हटले आहे. निष्कर्ष असा, की सगळ्यांत सुसाट धावतात त्या बसगाड्या, त्याखालोखाल ट्रक आणि टेंपो, आणि मोटारी त्या मानाने शहाण्या. त्यावरून आता बसथांबा हलवा, अशी मागणी सुरू झाली आहे. एलबीएस मार्गावर बसमध्ये उभ्याने लोंबकळत गेलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. माझी उमेदीची वर्षे वाहतूक मोजणीच्या कामात गेली. आधी हातात क्लिकर घेऊन नाक्यावर, नंतर पडद्यासमोर बसून. तो तक्ता पाहिला तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आली ती ही, की गाड्यांचा क्रम वेगाप्रमाणे नव्हे, उंचीप्रमाणे लागला आहे.

असे का व्हावे, ते थोडे सविस्तर सांगतो. व्हिडिओत गाडी किती मीटर सरकली हे दिसत नाही, पडद्यावर किती ठिपके सरकली एवढेच दिसते. त्या ठिपक्यांचे मीटर करायला रस्त्यावरच्या किमान चार खुणा टेपने मोजून घ्याव्या लागतात आणि चित्रातल्या त्याच खुणांशी त्यांचा मेळ घालावा लागतो. झेब्रा पट्ट्यांची टोके, लेनच्या तुटक रेघा, गटाराचे झाकण, काहीही चालते. मात्र हा मेळ फक्त रस्त्याच्या पृष्ठभागापुरता खरा असतो. डांबराला टेकलेली वस्तू कुठे आहे हे त्यावरून बरोबर कळते. डांबरापासून वर असलेली वस्तू कॅमेऱ्यापासून आहे त्याहून लांब भासते आणि ती चालू लागली, की आहे त्याहून जोरात पळते. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखालून चालताना आपल्या डोक्याची सावली आपल्यापेक्षा भरभर पुढे सरकते ना, अगदी तेच गणित. दिव्याच्या जागी कॅमेरा ठेवा आणि सावली म्हणजे गणकयंत्राला रस्त्यावर 'दिसलेली' जागा.

हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याच्या उंचीला, त्या उंचीतून गाडीवरच्या टिपलेल्या बिंदूची उंची वजा करून जे उरते त्याने भागायचे. तितक्या पटीने वेग फुगतो. समजा, कॅमेरा सहा मीटरवर आहे. बहुतेक सॉफ्टवेअर गाडीभोवती चौकट काढते आणि सोपे म्हणून त्या चौकटीच्या मध्याचा पाठलाग करते. बस साधारण तीन मीटर उंच, म्हणजे मध्य दीड मीटरवर. सहा भागिले साडेचार, म्हणजे सुमारे १.३३. बस ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर अहवालात ४० येणार. मोटारीचा मध्य पाऊण मीटरवर धरला, तर तिच्या त्याच ३० चे ३४ होतात. दोन्ही शेजारीशेजारी, एकाच वेगाने चाललेल्या असल्या तरी बस सहा किलोमीटरने 'बेफाम' ठरली! मध्याऐवजी बसचे छप्पर टिपले गेले, तर वेग थेट दुप्पट.

यावर उपाय आहे आणि तो काही महागडा नाही. चौकटीचा मध्य सोडून खालची कड धरायची, जिथे टायर रस्त्याला टेकतो. गर्दीत ही कड पुढच्या गाडीआड जाते, मग चौकट खालून आखडते आणि क्षणभर वेगाचा आकडा उसळी मारतो. असे तुकडे टाकून द्यायचे, सरासरीत मिसळायचे नाहीत. कॅमेरा स्कायवॉकवर, आणखी उंच बसवता आला तर दोन्ही दोष कमी होतात.

'आम्ही आमची मोटार ठरावीक वेगाने चालवून पडताळणी केली' असे उत्तर मला एका रहिवाशाने दिले. हेतू चांगलाच. पण मोटारीच्या ३४ चे ३० करायला सगळे आकडे एकाच गुणकाने खाली आणले, तर बस तरीही ३५ वरच राहते. म्हणजे मोटार परीक्षेत पास आणि बसवरचा आळ कायम. जीपीएस घेऊन बसमध्येही बसायला हवे, निदान तो एक फेरा तरी.

दुसरी गोष्ट घड्याळाची. व्हिडिओ म्हणजे एकापाठोपाठ एक स्थिर चित्रे, म्हणजेच फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत ताशी ६० ने जाणारी गाडी २० मीटरचे अंतर ३० फ्रेममध्ये कापते. एखादी फ्रेम इकडेतिकडे झाली तर चूक दोन किलोमीटरची, ती चालून जाते. पण तेच अंतर पाच मीटरचे घेतले तर गाडी साडेसात फ्रेममध्ये पार. सात मोजल्या तर वेग ६४, आठ मोजल्या तर ५६. आणि हे सगळे रेकॉर्डर खरोखर २५ फ्रेम साठवत असेल तर. साठवण वाचवायला तो २० च ठेवत असेल आणि सॉफ्टवेअर मात्र २५ धरून चालले असेल, तर ६० चे सरळ ७५ होतात. हे पकडायला इंजिनिअर लागत नाही. चित्राच्या कोपऱ्यात सेकंदांचा आकडा पळत असतो. एक सेकंद बदलेपर्यंत किती फ्रेम जातात, ते एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजायचे. तेही निवांत वेळेला एकदा आणि ऐन गर्दीत एकदा.

गाड्यांच्या संख्येबद्दल अहवाल फार छातीठोक आहे, हातमोजणीशी एकूण आकडा जवळजवळ जुळला म्हणे. एकूण आकड्यावर माझा विश्वास सगळ्यांत कमी. थांब्यावर बस उभी राहिली, की तिच्या पलीकडून सरकणाऱ्या दुचाकी कॅमेऱ्याला दिसतच नाहीत, त्या मोजणीतून गळतात. उलट एखादा ट्रक दुसऱ्याआड जाऊन पुन्हा बाहेर आला, तर सॉफ्टवेअर त्याला नवा क्रमांक देते. नेमकी तिथेच मोजणीची रेघ आखलेली असेल, तर तो दोनदा मोजला जातो. दहा दुचाकी गळल्या आणि दहा अवजड गाड्या जास्तीच्या आल्या, तर बेरीज तंतोतंत जुळते आणि रस्त्याचे चित्र मात्र साफ खोटे. म्हणून पंधरा मिनिटांचा व्हिडिओ घेऊन दुचाकी, रिक्षा, मोटारी, बस, ट्रक असे वेगवेगळे रकाने हाताने भरावेत आणि रकान्याला रकाना ताडून पाहावा. पावसाळ्यातल्या संध्याकाळचा तुकडा वेगळा घ्यावा. ओल्या रस्त्यावर हेडलाइटचे प्रतिबिंबसुद्धा कधीकधी गाडी म्हणून नोंदवले जाते.

अहवाल करणाऱ्यांवर माझा राग नाही. फुकट वेळ घालवून कुणी रस्ता मोजतो आहे, हे मला आवडलेच. पण थांबा हलवण्याआधी त्यांनी चार गोष्टी जाहीर कराव्यात: कॅमेरा किती उंचीवर होता, गाडीचा कोणता बिंदू धरला, किती मीटरच्या अंतरावर वेग काढला आणि प्रत्यक्ष फ्रेम सेकंदाला किती होत्या. मूळ व्हिडिओ ठेवला असेल तर खालच्या कडेवरून वेग पुन्हा काढता येईल, नव्याने चित्रीकरण करायची गरज नाही. तेवढे काम करून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, भांडुप पश्चिम