किलवरचा एक्का हातात ठेवल्याबद्दल

नागपूर

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

आमच्या हस्तलिखितातली आजी-नातीची कथा तुम्ही वाचून दुरुस्त करून दिलीत. आभार तोंडीही मानता आले असते, पण पत्त्यांवर गोष्ट लिहिणाऱ्या इतरांनाही तुमच्या दुरुस्त्या उपयोगी पडतील, म्हणून हे पत्र उघडच लिहीत आहोत.

पहिल्या खर्ड्यात दोघी भिकार-सावकार खेळत होत्या आणि आजी गुपचूप हरत होती. तुम्ही समासात एवढंच लिहिलंत, "यात हरायचं कसं?" खरंच आहे. भिकार-सावकारात वरचं पान उलटायचं असतं, काय खेळायचं हे खेळणारा ठरवतच नाही. अशा खेळात आजीला हरायचं असेल तर पानं लपवावी लागतील, म्हणजे लबाडी करावी लागेल. आमच्या आजीला लबाडी करायची नव्हती, तिला फक्त जिंकायचं नव्हतं.

म्हणून तुम्ही बदामसत्ती सुचवलीत. बदामची सत्ती पडली की खेळ सुरू. तिच्यावर अठ्ठीपासून राजापर्यंत चढायचं, खाली छक्कीपासून एक्क्यापर्यंत उतरायचं. बाकीचे रंग आपापल्या सत्तीने उघडतात. लावता येण्याजोगं पान हातात असेल तर ते लावावंच लागतं, नसेल तरच पास. ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला. हे सगळं आम्हाला माहीत होतं. डोक्यात आली नव्हती ती गोष्ट वेगळीच. दोघींतच डाव असेल तर बावन्न पानांची सव्वीस-सव्वीस वाटणी होते, आणि जे पान माझ्या हातात नाही, खालीही पडलेलं नाही, ते समोरचीकडेच असणार. आजीला नातीचा अख्खा हात ठाऊक असतो. नातीलाही आजीचा हात कळू शकतो, पण तिने तशी मोजदाद अजून सुरू केलेली नसते.

त्यामुळेच आमचा दुसरा खर्डाही पडला. त्यात आजी इस्पिकचा गुलाम हातात असून "पास" म्हणत होती. तुमचं म्हणणं असं की सात-आठ वर्षांच्या पोरीला हे पकडायला हिशेब लागत नाही. दश्शी खाली दिसतेय, गुलाम तिच्याकडे नाही, मग तो जाईल कुठे? डाव संपल्यावर आजीची पानं उलटी करून ती विचारणारच, "काऊन पास म्हटलं वं आजी?" आणि त्यावर आजी काहीही बोलली तरी ते खोटंच ठरणार. पोरीने जिंकलेला डावही त्याबरोबर गेला.

मग तुम्ही पानं मांडून शेवट दाखवलात. तो आम्ही जसाच्या तसा घेतला आहे. बदाम पूर्ण लागलेत. किलवर दुर्रीपर्यंत उतरलाय, चौकट चव्वीपर्यंत. दोन्ही वर राजापर्यंत भरलेत. इस्पिक खाली एक्क्यापर्यंत पूर्ण आहे, वर दश्शीवर थांबलाय. आजीच्या हातात चार पानं: इस्पिकचा गुलाम, चौकटची तिर्री आणि दुर्री, किलवरचा एक्का. नातीकडे तीन: इस्पिकची राणी आणि राजा, चौकटचा एक्का. खेळी आजीची.

जिंकायचं तर आजीने गुलाम दाबून ठेवायचा. आधी किलवरचा एक्का, नात पास. मग तिर्री, नात पुन्हा पास. मग दुर्री, त्यावर नातीचा चौकटचा एक्का. शेवटी गुलाम, आजीचा हात रिकामा, आणि नातीच्या हातात राजा-राणी तसेच अडकलेले.

आता हरण्याचा डाव. आजी गुलाम आधी टाकते, नातीची राणी बसते. आजी तिर्री, नात राजा. आजी दुर्री, नात चौकटचा एक्का आणि नातीचा हात रिकामा. आजीकडे उरतो फक्त किलवरचा एक्का. एकही नियम मोडलेला नाही, प्रत्येक वेळी आजीने लावण्याजोगं पानच लावलं.

नुसता गुलाम सोडून भागत नाही हे मात्र तुम्ही दाखवलं नसतं तर आमच्या लक्षात आलं नसतं. गुलामानंतर आजीने कुठेही किलवरचा एक्का टाकला की नातीचा एक पास जातो आणि आजीच एका पानाने जिंकते. आम्ही तिघांनी तो डाव पुन्हा-पुन्हा मांडून पाहिला, दर वेळी तेच. म्हणजे आजीला दोनदा ठरवून हरावं लागतं: आधी गुलाम सोडून, मग एक्का धरून. गोष्टीत हे दोन क्षण आता वेगवेगळे आहेत. पहिल्या वेळी आजी पटकन पान टाकते, दुसऱ्या वेळी तिचं बोट एक्क्यावर जरा रेंगाळतं.

आजीला यातून काय शिकवायचं आहे, यावर आमच्यात वाद होता. एकाने लिहिलं होतं "आत्मविश्वास". तो शब्द तुम्ही खोडलात, आणि बरं केलंत. तुमच्या मते आजीला पोरीने मोजायला लागावं असं वाटतं. म्हणून डाव संपल्यावर ती उरलेलं पान खाली न मिसळता उताणं ठेवते. नातीने कधीतरी त्याच्याकडे बघून म्हणावं, हा एक्का तर तुला केव्हाच टाकता आला असता. ज्या दिवशी ती हे म्हणेल त्या दिवसापासून आजी सोडून देणं बंद करणार. तोवरही प्रत्येक डाव सोडायचा नाही. चार डावांत एखादा, आणि तोही पोर दोन डाव हरूनही पानं भिरकावत नसेल तेव्हा. चिडून रडत असताना डाव सोडला तर ती रडायला शिकते, हे तुमचं वाक्य आम्ही आजीच्या तोंडी घालायला निघालो होतो. तुम्ही नको म्हणालात. आजी हे बोलली तर गुपित कसलं!

कूलरचीही एक दुरुस्ती होती. मे महिन्याची दुपार म्हणून आम्ही दोघींना थेट कूलरपुढे बसवलं होतं. नागपुरात राहून ही चूक व्हायला नको होती. चढत्या-उतरत्या पानांच्या चार रांगा त्या वाऱ्यात टिकत नाहीत, वरचं पान उडालं की रंग कुठपर्यंत आलाय यावरून भांडण. शिवाय ओल्या हवेने कागदी पानं सर्दावतात, एकाला एक चिकटतात, आणि लहान हातातून दोन पानं एकदम सुटतात. आता दोघी कूलरच्या बाजूला, भिंतीशी, सतरंजीवर बसल्या आहेत. सव्वीस पानांचा पंखा नातीच्या मुठीत मावत नाही, म्हणून निम्मी पानं तिने उशीच्या आडोशाला उभी केली आहेत. ती अधूनमधून पडतात, आणि आजी तेवढ्यापुरती खिडकीकडे बघते. खिडकीकडे बघण्याची ही कल्पनाही तुमचीच.

गोष्टीचा शेवट आता असा आहे. नात पानं गोळा करते. किलवरचा एक्का उचलते, क्षणभर थांबते, आजीकडे बघते. मग काही न बोलता तो गड्डीत घालते आणि म्हणते, "आता मी पिसते."

अंकाची तुमची प्रत आणि तुमचा पत्त्यांचा जोड रविवारी घेऊन येतो. जोडातली चौकटची दुर्री आमच्याकडून दुमडली गेली आहे. त्याबद्दल माफी असावी, नवा जोड सोबत आणतो आहोत.

आपले,
हस्तलिखिताची मंडळी