दुसऱ्या दिवशीचा इको स्वच्छ, मग पुढचं कोण बघणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या आरोग्य पुरवणीतला हार्ट अटॅकवरचा लेख काल पुन्हा वाचला. आदल्या दिवशी वाचून राग आला होता, म्हणून मुद्दाम एक रात्र जाऊ दिली. राग तेवढाच आहे. लेखकमहाशय लिहितात की अँजिओप्लास्टीनंतर दुसऱ्या दिवशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदयात गाठ नसल्याची खात्री करून घेतात, तेव्हा पेशंटने निर्धास्त घरी जावं. शेजारी रंगीत चित्र. त्यात 'हृदयातील गाठ' असं लिहून बाण काढलाय तो थेट रक्तवाहिनीत! अहो, रक्तवाहिनीतल्या गाठीने अटॅक येतो. आपला लेख ज्या गाठीबद्दल बोलतोय ती अटॅकनंतर डाव्या खालच्या कप्प्यात, टोकाशी धरते. दोन्ही एकच समजून चित्र काढणाऱ्याचं कौतुक करावं की छापणाऱ्याचं, हे आपणच ठरवा.

मी इको विभागात टेक्निशियन म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. पण हे पत्र लिहिते आहे ती माझ्या भाऊजींची बहीण म्हणा, मेहुणी म्हणा, त्या नात्याने.

भाऊजींच्या छातीत रात्री जळजळ सुरू झाली. ऍसिडिटीची गोळी घेतली, ताईने थंड दूध दिलं, सकाळी थोडं बरं वाटलं म्हणून आंघोळसुद्धा केली. दवाखान्यात पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली होती. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी अगदी वरच्या टोकाला बंद होती. स्टेंट बसला, वाहिनी उघडली. पण एवढ्या तासांत भिंतीचा बराचसा स्नायू मेलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी इको झाला. पंपिंग 30 टक्के, टोकाचा भाग हलत नाही, गाठ नाही. ऍस्पिरिन आणि टिकॅग्रेलॉर देऊन पाचव्या दिवशी घरी सोडलं आणि पुढच्या तपासणीसाठी एक महिन्याने बोलावलं. मी फोनवर ताईला म्हटलंही, आठ-दहा दिवसांनी पुन्हा इको करून घ्या. तिने विचारलं, तर तिथल्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "रिपोर्ट नॉर्मल आहे काकू, उगाच खर्च कशाला?" 30 टक्के पंपिंगचा रिपोर्ट नॉर्मल!

तिसऱ्या आठवड्यात जेवताना भाऊजींच्या उजव्या हातातून चमचा पडला. ताई काय झालं विचारते तर त्यांच्या तोंडून शब्दांचा नुसता काला. मेंदूच्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला रक्तपुरवठा तुटलेला दिसला. आणि मग केलेल्या इकोत टोकाशी दोन सेंटिमीटरची गाठ, तिचं एक टोक रक्ताच्या धारेत हलत असलेलं, आणि त्याखालची भिंत बाहेर फुगलेली.

आता लेखकमहाशयांना विचारते, ही गाठ दुसऱ्या दिवशी दिसणार होती का? ती तेव्हा धरलीच नसणार. पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक आला की टोकाचा भाग आकुंचन पावत नाही, काही वेळा कप्पा आकुंचन पावत असताना तो उलटा बाहेर जातो. तिथलं रक्त जवळजवळ साचून राहतं. आतलं अस्तर दुखावलेलं असतं आणि अटॅकनंतरच्या दिवसांत रक्ताची गोठण्याची प्रवृत्तीही वाढलेली असते. तिन्ही गोष्टी एका जागी जमल्या की गाठ धरते, आणि बहुतेक गाठी पहिल्या दोन आठवड्यांत धरतात. पहिल्या चोवीस तासांतला इको पंपिंग किती आणि कुठली भिंत गेली हे सांगायला उत्तम. त्यावरून तिसऱ्या आठवड्याची हमी देणं म्हणजे पेरणीच्या दिवशी पिकाचा पंचनामा करणं.

शिवाय साध्या इकोत टोक नीट दिसतं असंही नाही, हे मी इतकी वर्षं मशीनजवळ उभी राहून सांगते. प्रोब छातीवर टोकाच्या बरोबर वर यायला हवा. तो एक बरगडी वर राहिला तर छेद तिरपा जातो, कप्पा आखूड आणि गोलसर दिसतो, आणि खरं टोक चित्राबाहेरच राहतं. गाठ नेमकी तिथे! त्यातून प्रोबच्या अगदी जवळच्या भागात चित्र धुरकट येतं. भिंतीला चिकटलेली चपटी गाठ त्या धुरात भिंतीसारखीच दिसते, तर कधी नुसता धूरच गाठ वाटतो. एमआरआयशी ताडून पाहिलेल्या अभ्यासांत नेहमीच्या साध्या इकोतून निम्म्याहून जास्त गाठी निसटल्याचं आढळलेलं आहे. 'गाठीची शंका आहे, टोक बघा' असं फॉर्मवर लिहून पाठवलं की हेच प्रमाण बरंच सुधारतं, कारण बघणारा पेशंटला डाव्या कुशीवर नीट वळवतो, प्रोब खाली सरकवतो, टोकावर वेळ घालवतो. 'इको करा' एवढंच लिहिलेले कितीतरी फॉर्म माझ्या हातून गेले आहेत.

तरीही शंका राहिली तर शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचं कॉन्ट्रास्ट देऊन इको करता येतो. सगळा कप्पा पांढरा भरतो आणि गाठ असेल तिथे काळी खाच उरते. हे सगळीकडे उपलब्ध नसतं, मान्य आहे. सगळ्यांत खात्रीचा म्हणजे हृदयाचा एमआरआय. त्यात गॅडोलिनियम हे औषध शिरेतून देऊन थोडं थांबतात. मेलेल्या स्नायूची वण पडलेली भिंत औषध धरून ठेवते आणि पांढरी दिसते. गाठीत रक्तवाहिन्या नसतात, औषध तिच्यात शिरतच नाही, त्यामुळे ती काळी उठून दिसते. स्टेंट असला की एमआरआय चालत नाही, हा गैरसमज आमच्या गल्लीपासून आपल्या पुरवणीपर्यंत सगळीकडे आहे. आजचे स्टेंट त्याला आड येत नाहीत. मूत्रपिंडं फार कमकुवत असतील तर गॅडोलिनियमचा विचार डॉक्टरांना करावा लागतो, ती गोष्ट वेगळी. प्रत्येकाला एमआरआय करा असं मी म्हणत नाही. पुढच्या भिंतीचा मोठा अटॅक, टोक हलत नाही, पंपिंग कमी, एवढं जुळलं तर आठवड्या-दोन आठवड्यांनी टोकाकडे मुद्दाम बघणारा एक साधा इको तरी करा. 'उगाच खर्च' म्हणणारीला भाऊजींच्या फिजिओथेरपीची आणि वाचा-उपचारांची बिलं पाठवायची माझी तयारी आहे.

लेखात फुगवट्याबद्दल, म्हणजे अन्युरिझमबद्दल, 'तो केव्हाही फुटू शकतो' असं ठोकून दिलंय. ताईने ते वाचलं आणि रात्रभर झोपली नाही. खरा अन्युरिझम म्हणजे वण पडून पातळ झालेली भिंत. तोंड रुंद, आणि वणाचं ऊतक चिवट असतं. तो सहसा फुटत नाही. त्याचा त्रास वेगळा: पंपिंग कमी पडून दम लागणं, ठोक्यांची घातक अनियमितता, आणि ही गाठ. फुटण्याची खरी भीती असते ती खोट्या अन्युरिझमला. त्यात भिंत आधीच फाटलेली असते, बाहेरच्या पिशवीने रक्त कसंबसं अडवलेलं असतं, मान अरुंद असते, आणि त्याला बहुधा ऑपरेशनच लागतं. भाऊजींचा पहिल्या प्रकारचा आहे. त्यांच्या ईसीजीत छातीवरच्या पहिल्या चार लीडमध्ये चढलेली एसटी रेघ अजून खाली आलेली नाही, ती या फुगवट्यामुळेच. मध्यंतरी एका ठिकाणी ती बघून 'नवा अटॅक' म्हणून धावपळ झाली. तेव्हापासून ताई जुना ईसीजी पर्समध्ये घेऊनच फिरते.

औषधांचा परिच्छेद तर कहर आहे. 'रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतच असतो, त्यामुळे गाठ होत नाही.' भाऊजीही घेत होते! ऍस्पिरिन आणि टिकॅग्रेलॉर प्लेटलेटना चिकटू देत नाहीत. ती स्टेंट उघडा राहावा म्हणून. कप्प्यात साचलेल्या रक्ताची गाठ विरघळावी, वाढू नये, यासाठी गोठण्याची क्रिया रोखणारं औषध लागतं: वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल. मेंदूत नवा मोठा घाव असताना ते लगेच देता येत नाही, घावात रक्तस्राव होऊ शकतो; म्हणून डॉक्टर काही दिवस थांबले, मग हेपरिन आणि सोबत वॉरफरिन सुरू केलं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, दोनच्या वर गेल्यावर हेपरिन बंद. तिन्ही प्रकारच्या गोळ्या एकत्र फार दिवस दिल्या तर रक्तस्रावाचा धोका फार वाढतो, म्हणून ऍस्पिरिन काढली आणि टिकॅग्रेलॉरच्या जागी सौम्य क्लोपिडोग्रेल आली. आयएनआर दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. तीन महिन्यांनी पुन्हा बघितलं, गाठ गेली होती. फुगवटा तसाच आहे आणि अजून बाहेरच जातो. इथे दोन डॉक्टरांची दोन मतं पडली. गाठ नाही तर गोळी बंद करा, म्हणाले एक. भिंत तशीच असेल तर चालू ठेवा, म्हणाले दुसरे. भाऊजींना अजून चालू आहे.

गोठण्याची क्रिया रोखणाऱ्या नव्या गोळ्यांना, म्हणजे अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन वगैरेंना, आयएनआर लागत नाही म्हणून त्याच श्रेष्ठ, असं लेखात आहे. 2020 मध्ये अमेरिकेतल्या जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा या गोळ्यांवर उलट जास्त जणांच्या गाठी सुटून मेंदूत किंवा इतरत्र अडकल्याचं दिसलं होतं. नंतरच्या छोट्या चाचण्यांत त्या वॉरफरिनपेक्षा उण्या ठरल्या नाहीत, आणि 2022 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्यांना वाजवी पर्याय म्हटलं. पर्याय, इतकंच. ज्या गावात आयएनआरसाठी एसटीने दीड तास जावं लागतं तिथे तो मोलाचाही आहे, हे लिहायला हरकत नव्हती.

जाता जाता, त्याच पानाच्या तळाशी हृदयरुग्णांसाठी रोज सकाळी पालक-कोथिंबिरीचा पेलाभर हिरवा रस सुचवलाय. वॉरफरिनवरच्या माणसाने आजपासून तो सुरू केला तर जीवनसत्त्व के वाढून आयएनआर खाली येईल आणि गोळी घेऊनही गाठीची वाट मोकळी होईल. पालेभाजी खाऊ नका असं कुणी म्हणत नाही. रोज साधारण सारखी खा, एकदम बदलू नका. निदान एक ओळ तरी टाकायची.

मागे माझं एक पत्र आपण छापलंत तेव्हा जागेअभावी त्यातले आकडे वगळले होते. या वेळीही कापायचंच असेल तर स. न. वि. वि. कापा, आयएनआरचे दोन ते तीन आणि इकोचे दोन आठवडे राहू द्या.

आपली नियमित वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये), सातारा