विषय: थंबनेलमध्ये लाल मिरचीचं गाजर होतं, आणि ते माझ्या मॉनिटरवर नाही, तुमच्या सर्व्हरवर होतं

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख, आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते

आज दुपारी तुमच्या माणसाशी झालेला फोन चौथा होता. पाचवा करायची माझी ताकद नाही, म्हणून लिहिते आहे.

मी नंदुरबारात राहून पॅकेजिंग डिझाइन करते. वर्षाचे पैसे एकरकमी भरून तुमच्या पोर्टफोलिओ साइटचा प्रो प्लॅन घेतला, तो एवढ्याचसाठी की काम तुमच्या डिस्कव्हर पानावर दिसावं आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाने तिथून मला शोधावं. मागच्या महिन्यात मिरची पावडरच्या पाकिटाचा प्रोजेक्ट टाकला. उघडून बघितला की लाल अगदी हवा तसा. डिस्कव्हर पानावर मात्र तेच कव्हर विटलेलं, नारिंगीकडे झुकलेलं. ज्या व्यापाऱ्याचं ते पाकीट, त्यांना मी मोठ्या हौसेने फोनवर ते पान दाखवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, “ताई, हाई मिरची शे का गाजर?” त्यांची हयात पथारीवर मिरची वाळवण्यात गेली आहे. लाल रंगाबद्दल मी त्यांचं ऐकते, तुमचं नाही.

काय होतं ते तुम्हाला ठाऊक असणारच, कारण थंबनेल तुम्हीच बनवता. तरी तुमच्या सपोर्टला कोणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मांडते. माझी फाइल Display P3 या रंगमापात आहे. पाकिटाचा लाल साधाच, sRGB या नेहमीच्या मापातला २५५, ०, ०. Display P3 चा पल्ला मोठा असल्यामुळे तोच लाल तिथे २३४, ५१, ३५ असा लिहिला जातो. आकडे वेगळे, रंग तोच, कारण फाइलमध्ये रंगाचं प्रोफाइल असतं आणि हे आकडे कुठल्या मापात मोजलेत ते ब्राउझरला त्यावरून कळतं. थंबनेल करताना तुम्ही ते प्रोफाइल काढून टाकता आणि आकडे आहेत तसेच ठेवता. प्रोफाइल नसलं की ब्राउझर sRGB धरतो, आणि sRGB मध्ये २३४, ५१, ३५ म्हणजे गाजर. चिठ्ठीवरचा आकडा तसाच ठेवून पुढचं ‘मण’ खोडलं, तर वाचणारा किलोच धरणार ना?

हा माझा अंदाज नाही. तुमचं थंबनेल उतरवून घेतलं आणि हे चालवलं:

```
exiftool -icc_profile:all thumb.jpg
```

मूळ फाइलवर हीच ओळ चालवली की Display P3 नाव छापून येतं. तुमच्या थंबनेलवर काही म्हणजे काहीच येत नाही. पिकरने रंग उचलला तर तोच २३४, ५१, ३५, एखाद-दोन आकडे इकडे-तिकडे. प्रोजेक्ट उघडल्यावर रंग बरोबर दिसतो, कारण आत तुम्ही मूळ फाइल दाखवता. म्हणजे जो आत येतो त्याला खरा रंग दिसतो, पण आत यायचं की नाही हे तो बाहेरच्या गाजरावरूनच ठरवतो.

आता आजचा फोन. हे सगळं मी आपल्या मते सोप्या भाषेत सांगितलं. पलीकडचे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “मॅडम, तुमचं लोकेशन काय?” मी म्हटलं, नंदुरबार. “हां, म्हणजे नेट स्लो असेल. नेट स्लो असलं की रंग फिके लोड होतात.” मी विचारलं, नेटने रंग कसा फिका होईल? चित्र उशिरा येईल, अर्धवट येईल, विटेल कसं? ते म्हणाले, “ग्रामीण भागात होतं असं. एकदा पुण्या-मुंबईत कोणाला तरी बघायला सांगा.” पुण्यातल्या माझ्या मैत्रिणीने आधीच बघितलं होतं. तिलाही गाजरच दिसलं होतं. तेही सांगितलं. तर म्हणे, “मग त्यांचाही मॉनिटर चेक करून घ्या.” पुण्याचा मॉनिटर, नंदुरबारचं नेट, व्यापाऱ्याचे डोळे, सगळ्यांत खोट. चोख काय ते तुमचा सर्व्हर! वर शेवटी “आणखी काही मदत करू शकतो का?” आणखी? आधी कुठली केलीत?

तुमच्या तिकिटाची तर वेगळीच गंमत. स्क्रीनशॉट मागितलात, मी थंबनेल आणि आतलं चित्र शेजारी-शेजारी ठेवून पाठवला. उत्तर आलं: दोन्ही चित्रं फिकीच दिसतात, फरक आढळत नाही. तिकिटाला जोडलेली फाइल मी परत उतरवून तपासली. तिच्यातूनही प्रोफाइल गायब! मॅकचा स्क्रीनशॉट स्क्रीनचं प्रोफाइल घेऊन येतो, तेही तुम्ही कापलंत, म्हणजे बरोबर असलेली मिरचीसुद्धा तुमच्यापर्यंत पोचेतो विटली. पुरावा स्वतःच धुऊन काढायचा आणि मग पुरावा नाही म्हणायचं.

सल्ला काय दिलात, तर “डिलीट करून पुन्हा अपलोड करा.” तेही मी केलं. तीच फाइल, तेच गाजर. फक्त आधीच्या प्रोजेक्टवरचे लाइक, अभिप्राय आणि नाशिकच्या एका गिऱ्हाइकाने लिहिलेली चौकशी, सगळं त्यासोबत गेलं. ती चौकशी परत मिळेल का, हे पहिल्या फोनपासून विचारते आहे. अजून उत्तर नाही.

उपाय शेवटी मीच शोधला. फोटोशॉपमध्ये एक्सपोर्ट करताना Convert to sRGB वर खूण केली की आकडेच sRGB चे होतात, मग तुम्ही प्रोफाइल कापलंत तरी लाल जागेवर राहतो. sRGB च्या पल्ल्यापलीकडचे झगझगीत रंग त्यात थोडे दबतात, तेवढं मला मान्य आहे. पण ही एक ओळ तुमच्या मदत पानावर का नसावी? उलट तिथे “उच्च दर्जाची फाइल टाका” एवढंच लिहिलं आहे. मी टाकली, आणि तिथेच फसले.

थंबनेल हलकं हवं, फोटोतलं जीपीएस जायला हवं, हे मला समजतं. पण रंगाचं प्रोफाइल म्हणजे जीपीएस नव्हे. Display P3 चं प्रोफाइल एक केबीचंही नसतं, ते ठेवा. नाहीतर आधी रंग बदला आणि मग कापा:

```
magick in.jpg -profile sRGB.icc -resize 800x600 -strip thumb.jpg
```

क्रम एवढाच. तुम्ही थेट -strip पासून सुरुवात करत असणार.

मला हवं ते असं: थंबनेल दुरुस्त करा आणि जुनी पुन्हा तयार करा, माझी ती चौकशी शोधून द्या, आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नंतर जिल्हा आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे तुमच्या वकिलांना नंदुरबारला यावं लागेल. आले तर इथलं नेट कसं चालतं तेही बघतील.

तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाहेरगावचं काम तुमच्याच पानावरून आलं होतं, म्हणून अजून खातं बंद केलेलं नाही. आणि हो, उत्तर फोनवर नको.

तिकीट क्रमांक तुमच्याकडे आहेच, चार वेळा सांगितला आहे.

एक पैसे भरलेली ग्राहक, नंदुरबार