कानाचा ल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरची कथा छापून आली आहे. मी स्वतः कोल्हापुरात एकेचाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला तेव्हा थांबलो. सुनेने कथा मोठ्याने वाचून दाखवली. नातवाला आवडली, मलाही आवडली, पण दोन ठिकाणी हसू आलं. म्हणून हे पत्र.

कथेतला पेंटर सकाळी दुकानासमोर येतो, डोळे मिटतो आणि दहा फुटांची शिरोरेघ एका दमात ओढतो. खालची अक्षरं मग तिला द्राक्षांसारखी लटकवतो. वाचायला छान आहे. पण भरलेला ब्रश फूट-सव्वा फुटातच कोरडा पडायला लागतो. पुन्हा रंग घेतला की जोड येतोच, आणि तो लपवायचा कुठे हेच पेंटरचं कसब. काना जिथे रेघेला भिडतो तिथे जोड घेतला की तो दिसत नाही. आमच्या वस्तादांकडे शिरोरेघ सगळ्यात शेवटी, अक्षरं भरून झाल्यावर. आधी रेघ ओढणाऱ्याला ते म्हणायचे, "घर नाही आन् तुळई चढवतोय!"

दुसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळपर्यंत पाटी तयार. अहो, पत्रा घासायला आणि रेड ऑक्साइडचा हात द्यायला एक दिवस जातो. मग खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती सुकली की पाण्याच्या पेपरने घासायची, वर जमिनीच्या, म्हणजे अक्षरामागच्या, रंगाचे दोन हात, प्रत्येक हाताला एक रात्र. अक्षराला ब्रश लागायचा तो चौथ्या-पाचव्या दिवशी. आषाढात तर आम्ही ऑइल पेंटचं काम घेतच नसू. कोल्हापूरच्या ओल्या हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, चकाकी जाते आणि गिऱ्हाईक म्हणतं, पेंटरनं हलका रंग वापरला.

पण तक्रार करायला हे पत्र लिहिलेलं नाही. कथेत शेवटी म्हातारा पेंटर म्हणतो की त्याच्या अक्षरांत "जीव" होता. जीव म्हणजे काय, ते कथेत कुठेच येत नाही. मला सांगता येईल, निदान एका पाटीपुरतं.

1987 साली चप्पल लाइनमधल्या एका दुकानाची पाटी मी रंगवली. दहा फूट बाय दोन फूट. वर बारीक अक्षरात दुकानाचं नाव वेगळ्या पट्टीवर होतं, मोठ्या पाटीवर तीनच शब्द: अस्सल कोल्हापुरी चप्पल. आता हे दहा फुटांत बसवायचं कसं? आम्ही अक्षरं मोजायचो. अ, स्स, ल, को, ल्हा, पु, री, च, प्प, ल ही झाली दहा. प्रत्येक काना-वेलांटीच्या दांड्याला अर्धी जागा, तशा तीन म्हणजे दीड. तीन जोडाक्षरांना अर्धी-अर्धी जास्तीची, म्हणजे आणखी दीड. एकूण तेरा जागा. एकशे वीस इंचांतून दोन्ही बाजूंचे सहा-सहा आणि दोन शब्दांमधले पाच-पाच काढले की उरतात अठ्ठ्याण्णव. भागिले तेरा म्हणजे साडेसात इंच. एका अक्षराची ही जागा. उभ्या मापात वर-खाली तीन-तीन इंच मोकळे, चार इंच मात्रा-वेलांटीला, चार इंच उकाराला, आणि मधलं अक्षर दहा इंचांचं. खडू लावलेला दोरा दोन ठिकाणी ताणून टिचकी मारली की झाल्या रेघा. र अंग चोरतो, अ पसरतो, तेवढं मग नजरेनं.

मोजताना लक्षात आलं की या तीन शब्दांत ल तीनदा आहे, मधला अर्धा. जी पाटी दिसेल ती ल मुळेच दिसेल. आपला मराठी ल तुम्हाला माहीत आहे. मधोमध वरून उतरलेला देठ आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन पाकळ्या. हिंदीत तसा नसतो. तिथे डावीकडे एकच वळण आणि उजवीकडे सरळ उभा दांडा. मी खडूने पहिला ल काढला, दुकानाचे मालक खाली उभे राहून बघत होते. म्हणाले, "पेंटर, ह्याला जरा कान काढा की."

कोल्हापुरीला दोन बाजूंना चामड्याचे दोन कान असतात, जोड्याचा सगळा तोरा त्या कानांत. मी दोन्ही पाकळ्या खाली जरा रुंद करून बाहेरच्या बाजूला टोकदार वळवल्या. देठ मधल्या पट्ट्यासारखा जाड ठेवला. मग कोल्हापुरीतल्या अर्ध्या ल चं कोडं आलं, कारण तिथे उजवा कान पुरा काढायला गेलं की ह ला जागाच उरत नाही. तो कान आखडून ह च्या पोटात शिरवला. यात माझी दुपार गेली. मालकांनी दोनदा चहा पाठवला आणि तिसऱ्यांदा स्वतः आले, काम बंद पडलंय का बघायला.

पिवळ्या जमिनीवर लाल अक्षर, त्याला काळी सावली, सगळीकडे डाव्या अंगाला आणि खाली. उजव्या कोपऱ्यात बोटभर जागेत माझी सही.

पुढे काय झालं ते मला कित्येक वर्षांनी कळलं. राधानगरीकडच्या खेड्यांतून येणाऱ्या बायाबापड्यांना वाचता येत नव्हतं. चप्पल लाइनीत दुकानाला लागून दुकान, सगळ्यांच्या दारात तेच जोडे टांगलेले. मागल्या खेपेचं दुकान ओळखायचं कसं? तर "कानाच्या अक्षराचं दुकान". एक म्हातारी माझ्यासमोर नातीला सांगत होती, "त्ये बघ, तिथं चप्पल काढल्याली हाय." पाटीवर चप्पल काढलेली नव्हतीच. ती माझ्या ल कडे बोट दाखवत होती. वाचता न येणाऱ्या माणसाला माझं अक्षर कळलं होतं. ह्यापुढे त्या कथेतल्या "जीव" या शब्दाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

लाल रंग उन्हाने विटतो, म्हणून दर चार-पाच वर्षांनी मी ती पाटी उजळून देत असे. मालक गेले. मुलाने दुकान चालवलं, आता नातू बघतो. चांगला पोरगा आहे, मला अजून काका म्हणतो. त्याने फ्लेक्स लावला, त्यात त्याची काय चूक? सकाळी सांगितलं, संध्याकाळी टांगलं, आणि माझ्या एका पाटीच्या मजुरीत तो चार फ्लेक्स करून घेईल. त्याने मजकूर मोबाइलवरून पाठवला, छापणाऱ्याने तो तसाच उचलला.

मी समोरच्या टपरीवर बसून तो लावताना बघितला. "कोल्हापूरी" असं दीर्घ पू घालून छापलेलं. गावाचं नाव कोल्हापूर, पू दीर्घ. त्याला ई लागली की तो ऱ्हस्व होतो. हे मला कोणत्या शाळेने नव्हे, वस्तादांच्या छडीने शिकवलं. दुसरं, मजकूर दहा फुटांत भरला नाही म्हणून छापणाऱ्याने तो रबरासारखा आडवा ताणला होता. असं ताणलं की उभे काने लठ्ठ होतात आणि शिरोरेघ आहे तेवढीच बारीक राहते. अक्षर सुजल्यासारखं दिसतं. आम्ही रुंदी वाढवायचो ती अक्षराच्या पोटातली, रेघेची जाडी सगळीकडे एकच. आणि तिसरं म्हणजे ल. दोन्ही पुऱ्या ल ना उजवीकडे दांडा, अर्ध्याला नुसतं एक वळण. कान गेले.

यात यंत्राचा दोष नाही, हेही सांगायला हवं. जुन्या डीटीपीवाल्यांच्या मराठी फॉण्टमध्ये पाकळ्यांचा ल असायचाच. नातवाने मला समजावलं की मोबाइलमध्ये ल ला क्रमांक एकच, तो मराठी वळणाने दाखवायचा की हिंदी, ते फॉण्ट ठरवतो, आणि पुष्कळ फॉण्ट आधी हिंदी वळण दाखवतात. म्हणजे छापणाऱ्याने पाच मिनिटं शोधलं तर आपला ल आजही मिळतो. शासनाने 2009 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिलेले आहेत. 2022 मध्ये दुकानांच्या पाट्यांचा कायदा कडक झाला, मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको म्हणून. तेव्हा मला वाटलं, शिडी पुन्हा बाहेर काढावी लागते की काय. काम सगळं छपाईकडे गेलं. तपासणीला येणारा टेप लावून उंची मोजतो, ल कोणता ते बघत नाही.

ज्या गावात बाबूराव मेस्त्रींना लोकांनी बाबूराव पेंटर केलं आणि तेच नाव सिनेमाच्या इतिहासात गेलं, त्या गावात मी पेंटर म्हणून मिरवलो. आता पेंटर म्हटलं की लोक विचारतात, भिंतीला किती हात लागतील?

त्या फ्लेक्सचं पुढे असं झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळा आणि गुलाबी उडून गेला, सगळी पाटी निळसर पडली, कापड कडक झालं. वळवाच्या वाऱ्यात उजवा कोपरा टरकला. फ्रेम जुन्या पत्र्यावरच ठोकली होती, हे मला तेव्हा कळलं. फाटलेल्या जागेतून चप्पलमधल्या ल ची उजवी पाकळी, तिची काळी सावली आणि माझी सही दिसत होती. मी रोज फिरायला त्या बाजूने जायला लागलो. पंधरा दिवसांनी नवा फ्लेक्स आला. त्यावर सहीच्या जागी छापणाऱ्याचा मोबाइल नंबर आहे.

हे पत्र मी हाताने, निळ्या शाईने लिहून पाठवतो आहे. तुमच्याकडे कोणीतरी ते टाइप करील. वर मी "लांबी", "लाल", "लटकवतो" असं पुष्कळ लिहिलं आहे. छापून आल्यावर तेवढा ल बघा. माझ्या कागदावर त्याला दोन कान आहेत.

आपला,
एक निवृत्त पेंटर
मंगळवार पेठ, कोल्हापूर