‘फना’बरोबर ‘बका’ही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुफी गायनपरंपरेवर आलेला लेख आवडीने वाचला. त्यातल्या एका वाक्याशी मात्र अडखळलो : ‘फना म्हणजे ईश्वराच्या प्रेमात स्वतःला संपवून टाकणे.’ हा अर्थ आज सर्रास सांगितला जातो. पण ज्या सुफींनी हा शब्द घडवला, त्यांनीच या अर्थाला हजार वर्षांपूर्वी ठाम नकार दिलेला आहे. म्हणून हे पत्र.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. निवृत्तीनंतर मोडी कागद वाचायच्या नादात थोडी फारसी शिकलो आणि त्यातून या विषयाकडे वळलो. फना हा शब्द सुफी ग्रंथांत सहसा एकटा येत नाही, ‘बका’ त्याच्या जोडीला असतो. फना म्हणजे सरून जाणे, बका म्हणजे उरणे. हे दोन्ही शब्द मराठी माणसाच्या तोंडी आहेत. ताटातल्या पदार्थाचा आपण ‘फन्ना उडवतो’ तो याच फनाचा, आणि हिशेबात उरते ती ‘बाकी’ बकाच्या कुळातली. पाटीवर वजाबाकी शिकवण्यात माझी उभी हयात गेली, त्यामुळे मला हे चटकन पटले : काय वजा झाले एवढेच सांगून थांबलो, तर गणित पुरे होत नाही.

ही जोडी मुळात कुराणातली. पंचावन्नाव्या सूरहमध्ये, ‘रहमान’मध्ये, लागोपाठ दोन आयती आहेत (26 आणि 27) : पृथ्वीवरचे सगळे सरणारे आहे, आणि तुझ्या प्रतिपालकाचे मुख तेवढे उरणारे आहे. तिथे हे जगाच्या नश्वरतेविषयी आहे. नवव्या शतकात बगदादच्या अबू सईद खर्राज यांनी हे दोन शब्द साधकाच्या अंतरंगाला लावले, असे जुने लेखक सांगतात. प्रश्न असा झाला : माणसातले नेमके काय सरते, आणि काय उरते?

याचे चुकीचे उत्तर देणारे लोक तेव्हाही होते. तूसचे अबू नस्र सर्राज (मृत्यू 988) यांनी आपल्या ‘किताब अल्-लुमा’मध्ये सुफींच्या गैरसमजुतींवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. त्यात अशा काही मंडळींचा उल्लेख येतो, ज्यांनी ‘माणूसपणाचा फना’ ऐकला आणि खाणेपिणे सोडून दिले. त्यांचा हिशेब असा की माणूसपण म्हणजे हा देह, तो खंगला की माणूसपण गळेल आणि ईश्वरी गुण अंगी येतील. सर्राज म्हणतात, काळ्या वस्तूतून काळेपण जात नाही, तसे माणसातून माणूसपण जात नाही. बदलतात ते त्याचे गुण. उपासमारीला फना समजणाऱ्यांना याहून स्पष्ट कोण सांगणार?

मग सरते ते काय? निशापूरचे कुशैरी (मृत्यू 1072) यांनी दिलेला दाखला मला सगळ्यांत सोपा वाटतो. एखादा माणूस मोठ्या दरबारात, दरारा असलेल्या सुलतानासमोर जातो. बाहेर आल्यावर त्याला विचारा, तिथे कोण कोण होते, कसे बसले होते, तू स्वतः कसा दिसत होतास? त्याला काही सांगता येत नाही. कुशैरींचे म्हणणे नीट पाहा : तो माणूस तिथे होता, बाकीचे लोकही होते. नव्हते ते फक्त त्यांचे भान. फनामध्ये मिटते ते हे ‘मी’कडे वळलेले भान.

आता एक साधी गोष्ट घेऊ : दान. उदाहरण माझे, पायऱ्या मात्र बगदादच्या जुनैद (मृत्यू 910) यांच्या. एका माणसाचा हात देताना आखडतो. मनाला मुरड घालून तो देत राहतो आणि हळूहळू कंजूषपणा सुटतो. वाईट गुण सरला, त्या जागी चांगला उरला. ही पहिली पायरी, आणि बहुतेक जण इथेच धन्यता मानतात. पण आता त्याला देण्यात गोडी वाटू लागते. आपण दानी झालो याचे समाधान आतून सुखावते. जुनैद सांगतात की भक्तीतल्या या गोडीवरची नजरही सुटायला हवी. ती दुसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड, कारण इथे अहंकार चांगुलपणाचे कपडे घालून येतो. तिसऱ्या पायरीवर ईश्वराची जाणीव इतकी भरून येते की ‘मला हा अनुभव आला’ ही नोंदसुद्धा मागे राहत नाही. शेवटची ही पायरी प्रयत्नाने चढता येत नाही, ती वरून येते.

इथेच थांबला तर तो माणूस जगाच्या उपयोगाचा राहणार नाही. जुनैद यांच्या मते तो पुन्हा शुद्धीवर आणला जातो, आणि हाच बका. तो परत बाजारात जातो, नमाज पढतो, आधीसारखेच दान देतो. पाहणाऱ्याला फरक दिसणार नाही. फरक आतला : पूर्वी तो स्वतःच्या इच्छेने वागत होता, आता ईश्वराच्या इच्छेने वागतो. म्हणून ‘मला फना लाभला, आता मला नमाज-रोजा लागू नाही’ असे कोणी म्हणाला, तर या परंपरेत तो फसल्याची खूण मानतात.

सुफींमध्ये सगळेच या मताचे नव्हते. बायजीद बिस्तामी यांचे धुंदीतले उद्गार प्रसिद्ध आहेत, आणि त्या धुंदीलाच थोर मानणारेही होते. लाहोरला राहिलेले अली हुजवीरी, ज्यांना लोक ‘दाता गंजबख्श’ म्हणतात, जुनैद यांच्या बाजूचे. ते आपल्या गुरूंचे वचन सांगतात : धुंदी हे पोरांचे खेळण्याचे मैदान आहे, आणि शुद्ध ही मर्दांची मरणभूमी. मला हे वचन फार मोठे वाटते. भान हरपणे त्या मानाने सोपे आहे, भान परत आल्यावर ‘मी’ला परत येऊ न देणे कठीण.

याच हुजवीरींनी ‘कश्फ अल्-महजूब’ या अकराव्या शतकातल्या फारसी ग्रंथात एक आठवण लिहिली आहे. हिंदुस्थानात कुराणाच्या अर्थाचा जाणकार म्हणवणाऱ्या एका माणसाशी त्यांचा याच विषयावर वाद झाला, आणि बोलता बोलता लक्षात आले की त्याला फना-बकाचा गंधही नाही. फना म्हणजे माणसाचे अस्तित्व नष्ट होणे आणि बका म्हणजे ईश्वराने माणसात वस्ती करणे, ही दोन्ही मते हुजवीरी खोडून काढतात. त्यासाठी ते लोहाराकडचा दाखला देतात. विस्तवात लोखंड घातले की ते लाल होते, चटका देते, विस्तवाचे गुण घेते. पण लोखंड काही विस्तव होत नाही.

पुरवणीतला लेख मनापासून लिहिलेला होता, म्हणूनच एवढे लिहावेसे वाटले. पुढच्या भागात हा शब्द पुन्हा येणार असेल, तर कृपया त्याच्या शेजारी बका छापावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक