बाटली फोडायला पाच माणसं कुठून आणू? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी गावात आरोग्य स्वयंसेविका म्हणून अकरा वर्षं काम करते. मागच्या वर्षी तुम्ही भर सभेत शब्द दिला होता की, कुत्रा चावलेला माणूस कुठल्याही आरोग्य केंद्रातून लस न घेता परत जाणार नाही. मी त्या सभेत खाली सतरंजीवर बसले होते. घरी आल्यावर मी त्याच शब्दाच्या भरवशावर गावकऱ्यांसाठी एक छोटं भाषण लिहिलं आणि ते पारावर, शाळेत, बचत गटात मिळून वीसेक वेळा वाचलं. गेल्या शनिवारी माझ्या सात वर्षांच्या पुतण्याला कुत्रा चावला आणि तुमच्या केंद्रातून त्याला लस न देता परत पाठवलं. म्हणून हे पत्र.

आधी ते भाषण वाचा. मी लोकांना नेमकं काय सांगत होते, ते तुम्हाला कळायला हवं.

«दादांनो, बायांनो, कुत्रा चावला की पहिली धाव घरातल्या नळाकडे घ्यायची. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत असतो आणि दात रुतला की लाळेबरोबर जखमेत उतरतो. त्याच्या अंगावर चरबीचं पातळ वेष्टण असतं. साबणाने ते वेष्टण विरघळतं आणि विषाणू तिथेच मरतो. त्यासाठी औषधी साबण लागत नाही, अंगाचा किंवा कपड्याचा कुठलाही चालतो. नळाची धार जखमेवर सोडा, नळ नसेल तर दुसऱ्याला तांब्याने पाणी ओतत राहायला सांगा. साबण लावा, धुवा, पुन्हा लावा, पुन्हा धुवा. दाताचं भोक वरून बारीक दिसतं पण आत खोल असतं, तेव्हा पाणी आतपर्यंत गेलं पाहिजे. हे घड्याळ लावून १५ मिनिटं करायचं. दोन मिनिटांनी लेकरू रडायला लागतं, पाच मिनिटांनी तुम्हालाच वाटतं की झालं आता. झालेलं नसतं.

मग पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. मिरची, चुना, हळद, तेल, झाडपाल्याचा रस यातलं काही लावू नका. त्याने जखम चिडते आणि लाळ आत कोंडते. पट्टी बांधू नका. टाके घालायची घाई करू नका, कारण सुई विषाणूला आणखी खोल नेते.

आणि त्याच दिवशी लस घ्या. विषाणू आधी जखमेजवळच्या मांसात राहतो, तिथून नसेत शिरतो आणि नसेच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. बहुतेकांना दोन ते तीन महिन्यांनी आजार दिसतो, पण कधी आठवड्यातही दिसतो, कधी वर्षाने. तोंडाला, डोक्याला, हाताला चावलं असेल तर वाट लहान. लशीमुळे अंगात संरक्षण तयार व्हायला सात ते चौदा दिवस जातात. म्हणजे ही शर्यत आहे, आणि आपण उशीर करतो ते दिवस विषाणूच्या पदरात पडतात. कुत्रा दहा दिवस बघू, मग ठरवू, असं करू नका. लस आज सुरू करा आणि कुत्राही बघा. दहा दिवसांनी तो धडधाकट असला तर डॉक्टर पुढचे डोस थांबवतील. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती सोडा, ती जुनी लस कधीच बंद झाली. आता दंडात टोचतात. गरोदर बाईला चालते, तान्ह्या बाळालाही चालते. चावून महिना झाला आणि लस घेतलेली नाही, तरी आज जा.»

एवढंच भाषण. सात मिनिटांत संपतं.

आता शनिवार ऐका. संध्याकाळी साडेपाचला पोरगा ओरडत आला. उजव्या हातावर दाताची दोन भोकं, गालावर लांब ओरखडा आणि त्यातून रक्त. जाऊबाई मिरचीची पूड घेऊन धावल्या. मी त्यांचा हात धरला. मोबाईलवर १५ मिनिटं लावली आणि त्याला मोरीत बसवलं. तो माझ्या दंडाला चावत होता, आई म्हणून हाका मारत होता आणि मी त्याच्या आईला म्हणत होते, पाणी ओत, थांबू नकोस. नवव्या मिनिटाला माझेच हात थरथरायला लागले, कारण मला बारा वर्षांपूर्वीचा आमचा शेजारी दिसत होता.

त्याला पायाच्या अंगठ्याला चावलं होतं. खरचटलंय नुसतं, म्हणाला. तेव्हा मी हे काम करत नव्हते, मला काही ठाऊक नव्हतं. तीन महिन्यांनी त्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या. जखम केव्हाच भरली होती, तरी मुंग्या तिथेच. मग ताप आला, मग गिळता येईना. मी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, तर पाणी बघूनच त्याचा गळा आवळला आणि तांब्या भिंतीवर जाऊन आदळला. पंख्याचा वारासुद्धा त्याला सोसत नव्हता. शुद्ध होती, बायकोला ओळखत होता. चौथ्या दिवशी गेला. लक्षणं दिसू लागली की डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही. मंत्रीमहोदय, तो तांब्या देणारी मी होते. त्या घरासमोरून जाताना अजूनही माझी मान वर होत नाही.

म्हणून शनिवारी पुरी १५ मिनिटं झाली. पावणेसातला आम्ही आरोग्य केंद्रात होतो. लस फ्रिजमध्ये होती, मी डोळ्यांनी बघितली. उत्तर आलं: एक बाटली पाच जणांची असते, एकट्यासाठी फोडता येणार नाही, सोमवारी चार-पाच पेशंट जमले की या.

हा हिशोब मी तुम्हाला उलगडून सांगते, कारण सगळं त्यातच आहे. लस कातडीत टोचायची पद्धत आहे. दोन्ही दंडांत ०.१ मिलीच्या दोन टोचण्या, म्हणजे एका माणसाला एका वेळी ०.२ मिली. बाटली एक मिलीची असेल तर पाच माणसं होतात. पद्धत चांगली आहे, थोड्या लशीत जास्त माणसं वाचतात. पण बाटली एकदा फोडली की थंड ठेवूनही काही तासांतच संपवावी लागते, उरलेली फेकावी लागते. शहराच्या दवाखान्यात रांग असते, तिथे काही फेकलं जात नाही. आमच्या केंद्रात शनिवारी संध्याकाळी एकच पोरगा येतो. त्याच्यासाठी बाटली फोडली तर ०.८ मिली वाया जाते, आणि वाया गेलेल्या लशीचा जाब नर्सबाईंना द्यावा लागतो. तसा रकाना त्यांच्या नोंदवहीत आहे. परत पाठवलेल्या माणसाचा रकाना मी त्या वहीत शोधला. तो नाही.

मी नर्सबाईंवर चिडले नाही. त्या बाईंच्या डोळ्यांतही पाणी होतं. चिडले मी ती वही छापणाऱ्यांवर. दुसरा मार्ग उघडा असताना हे होतं. तीच लस स्नायूतही देता येते, तेव्हा एक अख्खी बाटली एकाच माणसाला लागते आणि थेंबभरही उरत नाही. दोन्ही मार्ग मान्य आहेत. म्हणजे एकटा पेशंट आला तर अख्खी बाटली स्नायूत द्यावी, पाच आले तर वाटून कातडीत द्यावी. दार बंद करायला कुठलंच कारण नाही. एवढा एक लेखी आदेश काढायला तुमच्या खात्याला किती वर्षं लागतात?

रात्री आम्ही जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचलो. ११ वाजून २० मिनिटांनी पहिली लस मिळाली. सिरम मात्र नव्हतं. रक्त आलेल्या जखमेला नुसती लस पुरत नाही, कारण लशीचं संरक्षण तयार होईपर्यंतचा आठवडा उघडा राहतो. तो आठवडा सिरम सांभाळतं. ते तयार संरक्षण असतं, थेट जखमेत आणि जखमेभोवती भरतात. आमच्या पोराचं वजन १८ किलो. घोड्यापासून बनवलेलं सिरम किलोमागे ४० युनिट, म्हणजे ७२० युनिट. त्या बाटलीत मिलीमागे ३०० युनिट होते, म्हणजे २.४ मिली. एवढ्याशा औषधासाठी रविवारचा अख्खा दिवस आम्ही व्हरांड्यात काढला. स्टोअरची किल्ली असलेला माणूस सोमवारी आला आणि अकरा वाजता सिरम मिळालं, हातात आणि गालात. चावल्यापासून साडेएक्केचाळीस तास. पहिल्या लशीनंतर सात दिवसांपर्यंत सिरम देता येतं, हे मला माहीत होतं, म्हणून मी दोन रात्री तग धरला. ज्या बाईला हे माहीत नाही, ती रविवारी सकाळी पोराला घेऊन घरी गेली असती. अशी एक बाई आमच्यासमोर उठून गेली. तिच्या पोरीच्या पोटरीला चावलं होतं. मी तिच्या मागे धावले, फाटकापर्यंत, पण रिक्षा निघून गेली. तिचं पुढे काय झालं, हा विचार मला झोपू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की रेबीजने मरणाऱ्यांत दहातली चार १५ वर्षांखालची मुलं असतात. जगातले एक तृतीयांशाहून जास्त मृत्यू आपल्याच देशात होतात. २०३० पर्यंत कुत्र्याच्या रेबीजने कुणी मरू नये, असा राष्ट्रीय आराखडाही कागदावर आहे. तुम्ही आम्हाला पोस्टर पाठवता, जनजागृतीचे फोटो मागवता, फोटोत किती माणसं होती ते विचारता. मी माणसं जागी केली, साहेब. ती जागी होऊन, जखम धुऊन, धावत तुमच्या दारात येतात, आणि दार म्हणतं सोमवारी. गावात आता लोक मला विचारतात, बाई, तुमच्याच पोराला लस मिळाली नाही, मग आम्ही मजुरी बुडवून कशाला जायचं? माझ्या अकरा वर्षांच्या कामाचं काय उरलं? लोकांनी ऐकलं नाही की त्यांना अडाणी म्हणायचं, ऐकलं की परत पाठवायचं, ही या सगळ्या यंत्रणेची रीत झाली आहे. बाळंतपणात हेच, सर्पदंशात हेच, आणि दर वेळी माफी मागायला गावात मीच उभी असते.

मला तीन गोष्टी लेखी हव्यात. एकट्या पेशंटसाठी बाटली फोडल्याबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही. सुट्टीच्या दिवशी लस आणि सिरमच्या फ्रिजची किल्ली ड्युटीवरच्या माणसाकडे असेल. आणि लस न घेता परत गेलेल्या प्रत्येकाची नोंद त्याच वहीत होईल, तारखेसह, कारणासह.

कातडीतली लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. मंगळवारचा डोस आम्ही पुन्हा जिल्ह्याला जाऊन घेतला. पोराची शाळा बुडाली, त्याच्या बापाचा रोज बुडाला. सातवा दिवस या शनिवारी येतो. आम्ही सकाळी नऊ वाजता आमच्या आरोग्य केंद्राच्या दारात असू. पोरगा बहुधा एकटाच पेशंट असेल.

आपली,
एक आरोग्य स्वयंसेविका